चार हजारांची वाढ की साडेचार हजारांची तूट?

मार्चअखेरची मोजणी संपली आणि पत्रकाच्या तळाशी बेरीज आली: माल वहीपेक्षा ४,३४२ रुपयांनी जास्त. बऱ्याच दुकानांत काम इथेच संपते. मालक म्हणतो, "कमी तर नाही ना? मग झाले." अकाउंटंट सगळी शिल्लक मोजणीप्रमाणे करून टाकतो आणि पत्रक फायलीत जाते. पण त्याच पत्रकातली एकेक ओळ बिलांशी आणि चलनांशी ताडून पाहिली, तर दुकानातून ४,५४८ रुपयांचा माल खरोखरच गेलेला आहे असे निघते. वाढ म्हणून दिसणारी बेरीज आतून तूट कशी असू शकते, ते एका इलेक्ट्रिकल मालाच्या दुकानाचे पत्रक समोर ठेवून पाहू. दुकान नमुन्याचे आहे आणि भाव सोयीसाठी गोल केले आहेत. फरकांची कारणे मात्र तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत रोज घडणारी आहेत.

दुकान घाऊक आणि किरकोळ असे दोन्ही. पुढे काउंटर, मागे लहानसे गोदाम, हिशेब टॅलीवर. समजा ३१ मार्च मंगळवारी येतो, त्यामुळे मोजणी रविवारी २९ तारखेला, दुकान बंद ठेवून. मंगळवारची शिल्लक काढायची तर रविवारच्या मोजणीत दोन दिवसांची खरेदी मिळवायची आणि विक्री वजा करायची. त्यात काही अवघड नाही, अट एकच आहे. मोजायला सुरुवात झाली त्या क्षणी संगणकातली शिल्लक नेमकी कुठवरची होती, हे कागदावर लिहिलेले हवे: शेवटच्या विक्री बिलाचा नंबर, शेवटच्या खरेदी नोंदीचा नंबर आणि शेवटच्या चलनाचा नंबर. पत्रकाच्या डोक्यावर हे तीन नंबर नसतील, तर खालच्या सर्वांत मोठ्या रकमेच्या फरकाचा उलगडा नीट करता येणार नाही.

मोजणाऱ्यांच्या हातात जो कागद द्यायचा त्यावर मालाचे नाव, एकक आणि रॅकचा नंबर एवढेच असावे. संगणकातली शिल्लक त्यावर छापू नये. समोर ६४० लिहिलेले दिसले की सहाशेच्या आसपास मोजून झाल्यावर माणूस आपोआप ६४० लिहितो. त्यात लबाडी असतेच असे नाही. दुपारी दोन वाजता, धुळीत, शिडीवर उभे राहून मोजताना छापील आकड्यावरच विश्वास बसतो. म्हणून एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे, लिहायचे तेही पेनाने. चुकले तर खाडाखोड न करता आकड्यावर रेघ मारायची, शेजारी नवा आकडा लिहून सही करायची. मोजून झालेल्या रॅकवर चिठ्ठी चिकटवायची. वहीतल्या शिल्लकेचा रकाना संध्याकाळी ऑफिसात जोडायचा.

जोडल्यावर हाती आलेल्या शे-दोनशे ओळींपैकी फरक पडलेल्या या सात. कंसात एकक दिले आहे. भाव खरेदीचा, जीएसटी वगळून.

| माल | वहीतली शिल्लक | मोजलेली | फरक | भाव (रु.) | फरकाची रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|---|
| दीड चौरस मिमी वायर, लाल (मीटर) | १,४८० | १,३८८ | −९२ | २० | −१,८४० |
| ६ अँपिअर स्विच, पांढरा (नग) | ६४० | ६०० | −४० | ३२ | −१,२८० |
| ६ अँपिअर स्विच, राखाडी (नग) | ८५ | १२५ | +४० | ४१ | +१,६४० |
| सिलिंग फॅन, १२०० मिमी (नग) | ४६ | ६० | +१४ | १,६५० | +२३,१०० |
| एलईडी बल्ब, ९ वॅट (नग) | ३७२ | ३२७ | −४५ | ६२ | −२,७९० |
| पीव्हीसी पाइप, २५ मिमी (नग) | ४१२ | ३०८ | −१०४ | ७२ | −७,४८८ |
| आरसीसीबी, ४० अँपिअर (नग) | १९ | १४ | −५ | १,४०० | −७,००० |
| एकूण | | | | | +४,३४२ |

या बेरजेवर विसंबणे किती धोक्याचे आहे ते आधी बघा. अधिक-उणे चिन्हे बाजूला ठेवून सगळ्या रकमा मिळवल्या तर ४५,१३८ रुपये होतात. म्हणजे पंचेचाळीस हजारांची गडबड आहे आणि तळाशी दिसते सव्वाचार हजारांची वाढ. एकट्या फॅनच्या ओळीने बाकी सगळ्यांवर पांघरूण घातले आहे. म्हणून अनुभवी माणूस तळाची रक्कम शेवटी वाचतो. आधी तो फरकाचे आकडे एकेक करून न्याहाळतो, कारण चूक कुठल्या जातीची आहे ते पुष्कळदा आकडाच सांगतो.

बल्बची ओळ घ्या. ३७२ आणि ३२७. दोन अंक शेजारी-शेजारी उलटे पडले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. ४५ ला जातो. हिशेबनीसांची ही जुनी युक्ती आहे, आणि ती फक्त संशय घ्यायला उपयोगी पडते. ९ ने भाग जाणारे फरक दुसऱ्या शंभर कारणांनीही पडतात. (पांढऱ्या स्विचच्या ४० ला जात नाही, पण वायरमध्ये समजा फरक ९० आला असता तर त्यालाही गेला असता, आणि तिथे कारण भलतेच असते.) म्हणून कारण लिहायच्या आधी रॅकपाशी परत जायचे आणि बल्ब पुन्हा मोजायचे, तेही पहिल्या वेळी ज्यांनी मोजले त्यांना न सांगता दुसऱ्या जोडीकडून. त्यांनी मोजले, ३७२ भरले. वही बरोबर होती, पत्रक चुकले होते. इथे संगणकात काहीही बदलायचे नाही. हे सांगायचे कारण असे की, पुनर्मोजणी न करता शिल्लक ३२७ करून टाकली असती तर पुढच्या वर्षी ४५ बल्ब "जास्त" निघाले असते, आणि एका मनघडंत तुटीवर एक मनघडंत वाढ चढली असती.

वायरची ओळ मला या सातांत सर्वांत आवडते, कारण तिच्यात दोन कारणे एकात एक अडकलेली आहेत. घरगुती वायरिंगची वायर आपल्याकडे ९० मीटरच्या कॉइलमध्ये येते. दुकानदार अख्खी कॉइलही विकतो आणि गिऱ्हाइकाला हवी तेवढी कापूनही देतो, म्हणून संगणकात एकक मीटर ठेवलेले असते. रॅकमध्ये १५ अख्ख्या कॉइल होत्या, म्हणजे १,३५० मीटर, शिवाय एक उघडलेली कॉइल. उघडलेल्या कॉइलमध्ये किती शिल्लक आहे हे नजरेने ठरवू नये. काही कंपन्यांच्या वायरवर दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो, तिथे दोन टोकांचे आकडे वाचले की काम झाले. नसेल तर अख्खी कॉइल आणि उरलेली कॉइल, दोन्ही वेष्टन काढून, एकाच काट्यावर तोलायची आणि प्रमाण काढायचे. इथे ३८ मीटर भरले. एकूण १,३८८.

आता फरक ९२. कॉइल ९० ची, तेव्हा पहिला विचार येतो की एक कॉइल गेली आणि दोन मीटर इकडे-तिकडे झाले. पण कॉइलवाल्या मालात ९० च्या आधी ८९ चा विचार करायचा असतो. अख्खी कॉइल विकली आणि बिल करताना काउंटरवरच्या मुलाने नगाच्या रकान्यात ९० ऐवजी १ टाकले, भावाच्या रकान्यात कॉइलचा भाव टाकला, की बिलाची रक्कम अगदी बरोबर येते. गिऱ्हाईक पैसे देऊन जाते, गल्ला जुळतो, कुणाला काही कळत नाही. वहीतून मात्र ९० मीटरऐवजी एकच मीटर वजा झालेला असतो. फरक ८९. हे शोधायला त्या वायरचे वर्षभराचे खाते उघडायचे आणि भावाच्या रकान्यावर नजर फिरवायची. मीटरचा विक्रीभाव २३ रुपये असताना एका ओळीत नग १, भाव २,०७० दिसला की चोर सापडला. तो बिल नंबर आणि तारीख कारणाच्या रकान्यात लिहायची. बिल दुरुस्त केले की वहीतली शिल्लक १,३९१ होते, आणि मोजणीशी फरक उरतो ३ मीटर.

त्या ३ मीटरना बिल मिळणार नाही. वायर कापताना हात थोडा सैल सुटतो. वीस मीटर मागितले तर वीस मीटर आणि चार बोटे जातात. वर्षभरात हजारो मीटर कापून विकले असतील तर ३ मीटर कापण्यात जाणे पटण्यासारखे आहे. ३० गेले असते तर हेच कारण चालले नसते, आणि काउंटरवरचा मोजपट्टीचा खिळा तपासावा लागला असता.

स्विचची जोडी बघितली की सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य येते: रंगाची अदलाबदल झाली. पांढरे ४० कमी, राखाडी ४० जास्त, विषय संपला. मला हे कारण पुरेसे वाटत नाही, कारण हेच चित्र दोन वेगळ्या रस्त्यांनी तयार होते आणि दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. पहिला रस्ता खरेदीचा. राखाडी स्विचच्या दोन पेट्या आल्या आणि नोंदताना यादीतून चुकून पांढरा निवडला गेला. दुसरा रस्ता विक्रीचा. गिऱ्हाइकांना पांढरे स्विच दिले आणि बिलात राखाडी लिहिले. दुसऱ्या प्रकारात राखाडीचा चढा भाव लावून पांढरा माल विकला गेला आहे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे जास्त घेतले गेले. तिथे नुसती नोंद सरळ करून भागत नाही.

कुठला रस्ता हे ठरवायचे कसे? पेटी २० नगांची असेल तर ४० म्हणजे बरोबर दोन पेट्या. काउंटरवरच्या चुका दोन, सहा, अकरा अशा सुट्या आकड्यांत होतात, त्यांची बेरीज पेटीच्या पटीत सहसा बसत नाही. त्यामुळे संशय खरेदीकडे वळतो. मग पांढऱ्या स्विचच्या खरेदीचे खाते पाहायचे. तिथे सगळ्या नोंदी ३२ रुपयांच्या आसपास आणि मधेच एक ४० नगांची नोंद ४१ रुपयांनी. मूळ खरेदी बिल काढले तर त्यावर राखाडी लिहिलेले. झाले पक्के.

या चुकीचा एक छुपा उपद्रव आहे. सॉफ्टवेअर सरासरी भावाने साठ्याची किंमत काढत असेल, तर ४१ रुपयांचे ४० नग पांढऱ्यात मिसळल्यामुळे पांढऱ्याची सरासरीच वर चढलेली असते. म्हणजे शिल्लक राहिलेल्या सहाशे नगांची किंमतही फुगलेली. साठ्याच्या आकड्यात ४० कमी आणि ४० जास्त अशी दुरुस्ती केली तर नग जुळतील, भाव नाही जुळणार. मूळ खरेदीची नोंदच दुरुस्त करावी लागते. वरच्या पत्रकात भाव नेहमीच्या खरेदी बिलांतून घेतला, सॉफ्टवेअरने दाखवलेली सरासरी घेतली नाही, ते याचसाठी.

आता फॅन. सर्वांत मोठी रक्कम इथली, आणि मोजणीच्या वेळेची गफलत म्हणजे काय ते इथे नीट कळते. शनिवारी संध्याकाळी टेम्पो आला, १२ फॅन गोदामात उतरवले, आणि बिल टेबलावरच्या खिळ्याला लावून सगळे घरी गेले. नोंद सोमवारी व्हायची होती. रविवारी मोजणाऱ्यांनी समोर दिसले ते फॅन मोजले, आणि ते बरोबरच केले. पत्रकाच्या डोक्यावर शेवटच्या खरेदी नोंदीचा नंबर लिहिलेला असल्यामुळे हे बिल त्यानंतरचे आहे हे एका मिनिटात सिद्ध होते. १४ पैकी १२ सुटले.

उरलेल्या २ फॅनवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी होती. शुक्रवारी बिल झाले, पैसेही आले, घराचे रंगकाम चालू आहे म्हणून "सोमवारी नेतो" म्हणून ते दुकानातच राहिले. हे फॅन दुकानात आहेत, पण दुकानाचे नाहीत. ते मोजायलाच नको होते. म्हणजे एकाच ओळीतल्या १४ फरकापैकी १२ साठी वही दुरुस्त करायची आणि २ साठी मोजणी.

इथे सर्वांत महागडी चूक होते, आणि ती मोजणीनंतर होते. कुणीतरी उत्साहाने संगणकात शिल्लक ६० करून टाकते. सोमवारी खिळ्यावरचे बिल नोंदले जाते, सोमवारच्या तारखेने. शिल्लक होते ७२. दुकानात फॅन आहेत ६०, त्यांतले २ परक्याचे. मोजणीने जो घोळ निस्तरायचा तो मोजणीनेच वाढवला. म्हणून न नोंदलेल्या मालाला साठ्याची दुरुस्ती हा उपाय कधीच नसतो. बिल ज्या दिवशी माल आला त्या तारखेने नोंदायचे, आणि मग फरक आपोआप मिटतो की नाही ते पाहायचे. मिटला नाही तर कारण चुकले होते.

हीच कसोटी सगळ्या ओळींना लावता येते. कारण खरे असेल तर ते कागद दाखवते, आणि त्या कागदाप्रमाणे नोंद सुधारली की फरक नेमका तेवढ्याने कमी होतो. "मोजणीतला फरक", "नजरचूक", "ॲडजस्टमेंट" हे शब्द कारणाच्या रकान्यात दिसले की समजावे, शोध घेतलेलाच नाही. हे फरकाचेच दुसरे नाव झाले, त्यात कारण कुठेच नाही.

पाइपची तूट १०४. शंभर आणि वर चार, हा आकडा पाहूनच दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात असे वाटते. १२ मार्चला १०० पाइप चलनावर आले, बिल नंतर येणार होते. गोदामवाल्याने माल आल्याची नोंद केली, साठा १०० ने वाढला. आठवड्याने बिल आले. ते नोंदताना अकाउंटंटने आधीच्या चलनाशी त्याची सांगड घातली नाही, सरळ नवी खरेदी म्हणून टाकले. साठा पुन्हा १०० ने वाढला. टॅलीत ही सांगड घालायला ट्रॅकिंग नंबर असतो. तो घातला नाही तर संगणकाच्या लेखी माल दोनदा आला. अशी चूक सापडायला एक सोपी जागा आहे: माल आला पण बिल आले नाही अशा खरेद्यांची यादी. १२ तारखेचे चलन महिनाअखेरीला अजून तिथे लटकलेले दिसते, आणि पुरवठादाराच्या खात्यावर मात्र बिल जमा झालेले असते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

वरच्या ४ पाइपचे तुकडे गोदामामागे पडलेले सापडले. टेम्पोतून उतरवताना फुटले होते, कुणी कुठे लिहून ठेवले नव्हते. तुकडे हाच पुरावा. मोजून, फोटो काढून फुटीच्या वहीत लिहायचे.

आरसीसीबी म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे छोटे उपकरण. मुठीत मावते, किंमत चौदाशे. लहान आणि महाग मालाची तूट कागदावर सापडेपर्यंत शोधत राहावे, कारण इथेच कागद न सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. शोधायच्या जागा ठरलेल्या असतात. भिंतीवरच्या नमुन्याच्या बोर्डावर एखादा लावलेला असतो. एखादा इलेक्ट्रिशियन "साइटवर बसतो का बघतो" म्हणून बिलाशिवाय घेऊन गेलेला असतो. शेजारच्या कप्प्यात २५ आणि ६३ अँपिअरचे दिसायला जवळजवळ सारखेच असतात, तिथे जोडीचा फरक निघतो का ते पाहायचे. इथे नमुन्याच्या बोर्डावरचा आधीच मोजला होता, शेजारच्या दोन्ही मालांची शिल्लक बरोबर जुळत होती. मग काउंटरच्या खणात कंपनीच्या सर्व्हिस माणसाची पावती सापडली. वॉरंटीतले दोन बिघडलेले नग कंपनीकडे गेले होते आणि गिऱ्हाइकाला अडून राहायला नको म्हणून मालकाने रॅकमधले दोन नवे काढून दिले होते. बिल झाले नाही, कारण विक्री झालीच नव्हती. कंपनीकडून बदली नग यायचे आहेत. तोवर ते दोन पत्रकात "कंपनीकडे" म्हणून धरायचे, पावतीचा नंबर लिहून.

राहिले ३. त्यांच्यासाठी काहीच मिळाले नाही. अशा वेळी रकान्यात "कारण सापडले नाही" असेच लिहावे. "चोरी" लिहू नये. तो आरोप आहे, आणि दुकानात काम करणाऱ्या दोन-चार माणसांकडेच तो बोट दाखवतो. बिलाशिवाय रोखीने विकले गेले असतील, पुरवठादाराने पेटीत कमी दिले असतील आणि आल्यावर कुणी मोजले नसतील, किंवा खरेच कुणी नेले असतील. पुरावा एकाचाही नाही.

आता त्याच सात ओळींची फोड मांडू. प्रत्येक फरक तीन ठिकाणी वाटला जातो: मोजणी चुकली होती, नोंद चुकली होती, किंवा माल खरोखर गेला.

| माल | फरक | मोजणीतला | नोंदीतला | खरी तूट |
|---|---|---|---|---|
| वायर (मीटर) | −९२ | | −८९ | −३ |
| स्विच, पांढरा | −४० | | −४० | |
| स्विच, राखाडी | +४० | | +४० | |
| फॅन | +१४ | +२ | +१२ | |
| बल्ब | −४५ | −४५ | | |
| पाइप | −१०४ | | −१०० | −४ |
| आरसीसीबी | −५ | −२ | | −३ |
| रक्कम (रु.) | +४,३४२ | −२,२९० | +११,१८० | −४,५४८ |

तळाच्या ओळीतल्या तीन रकमांची बेरीज पुन्हा ४,३४२ च येते. ती आली नाही तर फोड करताना कुठेतरी घसरलो असे समजून परत मागे जायचे. शेवटचा रकाना हाच या सगळ्या खटाटोपाचा नफा. पहिल्या पत्रकात जास्तीचे ४,३४२ रुपये दिसत होते, त्याच्या जागी ३ मीटर वायर, ४ पाइप आणि ३ आरसीसीबी मिळून ४,५४८ रुपयांची तूट उभी राहते. त्यातले ४,२०० एकट्या आरसीसीबीच्या ओळीचे आहेत.

ही फोड फक्त मालकाच्या समाधानासाठी नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(h) प्रमाणे हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. पाइप आणि आरसीसीबी मिळून ४,४८८ रुपयांचा माल, त्यावर १८ टक्क्यांनी सुमारे ८०८ रुपये. (वायरचे ३ मीटर गिऱ्हाइकांनाच विक्रीबरोबर गेले, त्यांचे काय करायचे हे आपल्या सीएला विचारावे.) फोड न करता पहिल्याच पत्रकातल्या सगळ्या उणे ओळी "तूट" म्हणून लिहून टाकल्या असत्या, तर २०,३९८ रुपयांच्या मालावर वजावट परत करायची वेळ आली असती, आणि त्यातला बहुतेक माल रॅकमध्ये सुखरूप होता, रीतसर विकला गेला होता, कंपनीकडे होता किंवा मुळात आलाच नव्हता. उलट बाजूने, नुसती ४,३४२ ची वाढ दाखवली असती तर खऱ्या तुटीवरचा कर परत करायचा राहिला असता. दोन्हीकडून चूक.

दुकान कंपनी म्हणून नोंदलेले आणि ऑडिट अहवालाच्या २०२० च्या आदेशाखाली येणारे असेल, तर साठ्याच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली का, आणि ती पुस्तकांत योग्य तऱ्हेने मिटवली का, हे ऑडिटरला लिहावे लागते. मालकीच्या दुकानाला हे लागू नाही. पण बँकेकडे मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट असेल तर साधारणपणे दर महिन्याला साठ्याचे पत्रक द्यावे लागते, आणि दोनदा चढलेले १०० पाइप तिथेही तारण म्हणून दाखवले गेलेले असतात.

दुरुस्तीचा क्रम मात्र पाळावा. आधी पत्रकातली मोजणी सुधारायची: बल्ब ३७२, फॅन ५८, आरसीसीबी दुकानातले १४ आणि कंपनीकडचे २. मग मूळ बिले आणि चलने दुरुस्त करायची. मग संगणकातून नवी शिल्लक छापून पत्रकाशी पुन्हा ताडायची. या दुसऱ्या ताळ्यात फक्त तीनच ओळी उरायला हव्यात. टॅलीतले फिजिकल स्टॉकचे व्हाउचर मोजलेला आकडा त्या तारखेची शिल्लक म्हणून बसवते, तेव्हा ते या तीन ओळींसाठीच आणि सगळ्यांत शेवटी वापरावे. सुरुवातीलाच सगळ्या मालाला वापरले तर पुरावा बुजवल्यासारखे होते, पुढे कुणी शोधायचे म्हटले तरी फरकच दिसत नाही.

राहता राहिले ते ३ आरसीसीबी. त्यांच्यासाठी पुढच्या मार्चची वाट पाहू नये. एप्रिलपासून तो एकच कप्पा दर शनिवारी दुकान बंद करताना मोजायचा आणि वहीशी ताडायचा. पाच मिनिटांचे काम आहे. आठ-दहा आठवडे जुळत राहिले तर वर्षभरात कधीतरी झालेली ती एकदाची गोष्ट होती. एखाद्या शनिवारी एक कमी आला, तर आता शोधायला वर्ष नाही, सहा दिवस आहेत, आणि त्या सहा दिवसांची बिले, टेम्पो आणि काउंटरवर कोण होते हे सगळे अजून आठवणीत आहे.